परत टाकून आणि परत न टाकता सँपल: व्हेरिअन्सचा फॉर्म्युला कुठे बदलतो आणि का

प्रश्न: एमएस्सी स्टॅट फर्स्ट इयर. एका पुस्तकात विदाऊट रिप्लेसमेंटचा व्हेरिअन्स (N−n)/(N−1) · σ²/n दिलाय, दुसऱ्यात (1−n/N) · S²/n, आणि सर म्हणतात प्रोजेक्टमध्ये सरळ s²/n घाला, चालतं. आमच्या प्रोजेक्टमध्ये तालुक्यातल्या १८० जिल्हा परिषद शाळांपैकी ६० घेतल्यात, सरासरी पटसंख्या काढायचीय. नक्की कुठला वापरू आणि हे फॉर्म्युले वेगळे येतातच का?

उत्तर:

दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत, तो एकच फॉर्म्युला आहे, दोन वेशात. σ² काढताना वर्गांच्या बेरजेला N ने भागलेलं असतं आणि S² काढताना N−1 ने, म्हणजे Nσ² = (N−1)S², हे पहिल्या फॉर्म्युल्यात टाका, N−1 उडून जातो आणि दुसरा फॉर्म्युला हातात येतो. तुमच्या प्रोजेक्टला दुसरा वापरा, (1−n/N) · s²/n, आणि सरांनी सांगितलेला s²/n तुमच्या केसमध्ये वापरू नका कारण तुम्ही एक तृतीयांश तालुकाच उचललाय. एवढं उत्तर पुरेसं असेल तर इथे थांबलात तरी चालेल, पण "का" विचारलंय तर ते नीट बघू, कारण ते एकदा दिसलं की फॉर्म्युला पाठ करावा लागत नाही.

छोटं पॉप्युलेशन घेऊ जे कागदावर पूर्ण मोजता येईल. समजा एका केंद्रात ५ शाळा आहेत आणि शिक्षकांची संख्या आहे १, २, ४, ६, ७. सरासरी ४. सरासरीपासूनचे फरक −३, −२, ०, २, ३, त्यांच्या वर्गांची बेरीज २६. म्हणून σ² = २६/५ = ५.२ आणि S² = २६/४ = ६.५. आता यातून २ शाळांचं सँपल काढायचं.

परत न टाकता काढलं तर १० जोड्या शक्य आहेत, आणि त्यांच्या सरासऱ्या येतात १.५, २.५, ३.५, ४, ३, ४, ४.५, ५, ५.५, ६.५. प्रत्येकीचा ४ पासूनचा फरक घ्या, वर्ग करा, बेरीज येते १९.५, भागिले १०, म्हणजे व्हेरिअन्स १.९५. फॉर्म्युल्यात टाकून बघा, (१ − २/५) × ६.५/२, तेच १.९५. दुसऱ्या वेशातून, ३/४ × ५.२/२, परत १.९५.

परत टाकून काढलं, म्हणजे पहिली चिठ्ठी वाचून पुन्हा डब्यात टाकली, तर २५ क्रमवार जोड्या होतात. त्यातल्या २० म्हणजे वरच्याच १० जोड्या, दोन-दोनदा, उलटसुलट क्रमाने. त्यांच्या वर्गांची बेरीज ३९. उरलेल्या ५ जोड्यांमध्ये एकच शाळा दोनदा आलीये, (१,१), (२,२) वगैरे, आणि त्यांची "सरासरी" म्हणजे ती एकटी शाळाच, त्यामुळे वर्गांची बेरीज पूर्ण २६. एकूण ६५ भागिले २५ = २.६, आणि σ²/n सुद्धा ५.२/२ = २.६.

इथे जरा थांबून बघा, कारण सगळा फरक कुठून येतो ते उघड दिसतंय. २० जोड्या ज्यात दोन वेगळ्या शाळा आहेत तिथे व्हेरिअन्स १.९५ च आहे, अगदी विदाऊट रिप्लेसमेंट इतकीच. जादाची चूक फक्त त्या ५ जोड्यांमधून येते जिथे तुम्ही तीच शाळा पुन्हा बघितली, तिथे व्हेरिअन्स ५.२ आहे म्हणजे एकाच शाळेचं सँपल घेतल्यासारखा. मिश्रण करा, ०.८ × १.९५ + ०.२ × ५.२ = १.५६ + १.०४ = २.६. म्हणजे विथ रिप्लेसमेंटमध्ये काहीतरी गूढ "वेगळं" होत नाही, कधीकधी एक ड्रॉ फुकट जातो, त्याची ही किंमत आहे.

हे झालं मोजून. आता n कितीही असला तरी चालेल असं कारण, आणि इथे बऱ्याच जणांचा एक गोंधळ असतो तो आधी काढून टाकू. लोकांना वाटतं की परत न टाकल्यामुळे दुसऱ्या ड्रॉचं डिस्ट्रिब्युशन बदलतं, कारण डब्यात एक चिठ्ठी कमी झाली. पहिल्या ड्रॉला काय आलं हे माहीत असेल तर बदलतं, हो. पण माहीत नसताना विचारलं की दुसऱ्या ड्रॉला ४ शिक्षकांची शाळा यायची शक्यता किती, तर ती अजूनही १/५ च आहे (आधी न यायची ४/५, गुणिले उरलेल्या चारातून यायची १/४). म्हणजे प्रत्येक ड्रॉची सरासरी तीच, प्रत्येक ड्रॉचा व्हेरिअन्स तोच σ², दोन्ही पद्धतीत. बदलतं काय तर दोन ड्रॉंचं एकमेकांशी नातं. पहिल्या ड्रॉला १ शिक्षकाची शाळा आली तर उरलेल्या चार शाळांची सरासरी १९/४ = ४.७५ होते, ४ च्या वर. पहिल्याला ७ वाली आली तर उरलेल्यांची १३/४ = ३.२५, ४ च्या खाली. म्हणजे पहिला ड्रॉ खाली घसरला तर पुढचा थोडा वर ओढला जातो आणि उलट, चुका एकमेकींना अंशतः खोडतात. हाच निगेटिव्ह कोव्हेरिअन्स.

तो किती असतो हे काढायला एक सुंदर युक्ती आहे आणि ती मला अजूनही मनापासून आवडते. सगळ्या N चिठ्ठ्या परत न टाकता काढा. बेरीज किती येईल? नेहमी तीच, पॉप्युलेशनची पूर्ण बेरीज, क्रम कुठलाही असो, म्हणजे तिचा व्हेरिअन्स शून्य. पण बेरजेचा व्हेरिअन्स म्हणजे N वेळा σ² अधिक N(N−1) वेळा कोव्हेरिअन्स (सिमेट्रीमुळे सगळ्या जोड्यांचा कोव्हेरिअन्स सारखाच, त्याला c म्हणू).

```
N σ² + N(N−1) c = 0
c = −σ² / (N−1)
```

झालं. आता n ड्रॉंसाठी तेच लिहा.

```
Var(ȳ) = [ n σ² + n(n−1) c ] / n²
       = (σ²/n) · [ 1 − (n−1)/(N−1) ]
       = (σ²/n) · (N−n)/(N−1)
```

आपल्या ५ शाळांमध्ये c = −५.२/४ = −१.३, आणि (५.२ + ५.२ − २.६)/४ = १.९५. जुळलं. विथ रिप्लेसमेंटमध्ये चिठ्ठी परत गेली की डबा पुन्हा पहिल्यासारखा, ड्रॉ इंडिपेंडंट, c शून्य, आणि σ²/n उरतं. पूर्ण फरक या एका c मध्ये आहे.

मग S² ची भानगड कशाला, σ² वरच राहिलो असतो की. कारण प्रत्यक्षात तुमच्याकडे σ² पण नसतो आणि S² पण नसतो, तुमच्याकडे असतो सँपलमधून काढलेला s², n−1 ने भागलेला. तो कशाचा अंदाज देतो हे पद्धतीवर ठरतं. दोन आकड्यांच्या सँपलचा s² म्हणजे फरकाचा वर्ग भागिले २. वरच्या १० जोड्यांचे फरक १, ३, ५, ६, २, ४, ५, २, ३, १, वर्गांची बेरीज १३०, अर्धे ६५, १० ने भागा, ६.५. म्हणजे विदाऊट रिप्लेसमेंटमध्ये s² सरासरीने बरोबर S² वर बसतो. विथ रिप्लेसमेंटच्या २५ जोड्या घ्या, २० जोड्यांमधून १३० येतात, एकच शाळा दोनदा आलेल्या ५ जोड्यांमधून शून्य, १३०/२५ = ५.२, म्हणजे तिथे तोच s² σ² वर बसतो. म्हणून एस्टिमेट करताना विथला s²/n आणि विदाऊटला (1−n/N) · s²/n, दोन्हीकडे s² काढायची रीत तीच, आणि दोन्ही अनबायस्ड. सर्व्हेवाले लोक S² ची बाजू घेतात ती यामुळेच, S² घेतला की करेक्शन साफ 1−n/N दिसतं आणि s² सरळ त्याच्या जागी बसतो.

परीक्षेत चूक होते ती इथे, एका पुस्तकातला गुणक आणि दुसऱ्या पुस्तकातला व्हेरिअन्स, म्हणजे (N−n)/(N−1) ला s² शी गुणतात. आपल्या छोट्या उदाहरणात ०.७५ × ६.५/२ = २.४४ येईल, १.९५ च्या जागी, म्हणजे सरळ चूक. तुमच्या १८० शाळांत मात्र ०.६७०४ विरुद्ध ०.६६६७, कोणाला कळणार पण नाही. त्यामुळे ही चूक वर्षानुवर्षं रिपोर्टात राहते आणि छोट्या N वर एकदम उघडी पडते. प्रपोर्शनला पण तेच बघा, विदाऊट रिप्लेसमेंटमध्ये अनबायस्ड एस्टिमेट (1−n/N) · pq/(n−1) आहे, खाली n−1, कारण s² म्हणजे तिथे npq/(n−1) होतो.

आता तुमच्या १८० शाळा. तुमचा डेटा माझ्याकडे नाही म्हणून आकडा धरून चालतो, समजा ६० शाळांच्या पटसंख्येचं स्टँडर्ड डेव्हिएशन ४२ आलं, s² = १७६४. s²/n केलं तर १७६४/६० = २९.४, स्टँडर्ड एरर ५.४२, ९५ टक्क्यांचा इंटरव्हल साधारण ±१०.६ विद्यार्थी. करेक्शन लावलं तर २९.४ × २/३ = १९.६, स्टँडर्ड एरर ४.४३, इंटरव्हल ±८.७. फरक किती मोठा आहे हे असं बघा: s²/n हाच फॉर्म्युला वापरून ४.४३ चा स्टँडर्ड एरर दाखवायचा असता तर किती शाळा लागल्या असत्या? १७६४/१९.६ = ९०. म्हणजे करेक्शन न लावणं म्हणजे ३० शाळांना फुकट भेट द्यायला निघणं, आणि वाडीवस्तीवरच्या शाळा गाठायला काय लागतं हे तुम्ही या प्रोजेक्टमध्ये बघितलंच असेल.

सँपल साइझ ठरवताना हेच उलटं चालतं. आधी करेक्शन विसरून जो n येतो त्याला n₀ म्हणा, इथे ९०, आणि मग n = n₀/(1 + n₀/N) = ९०/(१ + ९०/१८०) = ६०. हा फॉर्म्युला कुठे वेगळा पाठ करू नका, (1−n/N)/n = 1/n₀ सोडवलं की तोच येतो.

समजा तुम्ही खरोखर परत टाकून ६० ड्रॉ केले असते तर? त्यात वेगळ्या शाळा किती आल्या असत्या हे काढता येतं, एखादी शाळा ६० ड्रॉंत एकदाही न यायची शक्यता (१७९/१८०)⁶⁰ म्हणजे साधारण ०.७१६, म्हणून वेगळ्या शाळा सरासरीने १८० × ०.२८४ ≈ ५१. नऊ ड्रॉ रिपीट. आणि मग प्रश्न येतो की ज्या शाळेची चिठ्ठी दोनदा आली तिची पटसंख्या सरासरीत दोनदा धरायची का. क्लासिकल σ²/n दोनदा धरूनच येतो. पण ती शाळा दोनदा आल्यामुळे तुम्हाला नवीन काहीच कळलेलं नाही, आणि देवव्रत बसू यांनी १९५८ मध्ये नेमका हाच मुद्दा लावून धरला की माहिती सगळी वेगवेगळ्या युनिटमध्ये असते, ते किती वेळा आले यात नाही, त्यामुळे रिपीट काढून फक्त वेगळ्या युनिटची सरासरी घेतली तर व्हेरिअन्स कमीच होतो. n = २ ला हा फरक दिसत नाही (दोनदा आलेल्या शाळेची सरासरी तीच राहते), n = ३ पासून दिसतो. आपल्या ५ शाळांतून परत टाकून ३ ड्रॉ केले तर नेहमीच्या सरासरीचा व्हेरिअन्स ५.२/३ = १.७३, रिपीट काढलेल्या सरासरीचा १.५६, आणि परत न टाकता ३ घेतल्या तर ०.८७. तुमच्या ६० ड्रॉंना तीच ओळ साधारण २९.४, २५ आणि १९.६ अशी येते. म्हणजे रिपीट काढून थोडं वाचतं, पण परत न टाकणं त्याहून बरंच चांगलं.

हे पुस्तकी वाटेल पण एक्सेलमध्ये रोज घडतं. लोक `RANDBETWEEN(1,180)` टाकून ६० ओळी खाली ओढतात, ते विथ रिप्लेसमेंट आहे आणि त्यात रिपीट येणारच. मग रिपीट खोडतात. खोडून ६० वेगळ्या शाळा भरेपर्यंत पुढे नंबर काढत राहिलात तर ते तंतोतंत सिंपल रँडम सँपलिंग विदाऊट रिप्लेसमेंट आहे, काळजी नको, n = ६० घाला. खोडून ५१ वरच थांबलात तरी हरकत नाही, फक्त मग फॉर्म्युल्यात n = ५१ घाला, कारण वेगळ्या शाळा ५१ निघाल्या एवढं धरून चाललं की त्या ५१ म्हणजे परत न टाकता घेतलेलं सँपलच असतं. चुकतं ते तेव्हा, जेव्हा ५१ शाळांचा डेटा असतो आणि फॉर्म्युल्यात ६० जातं.

सरांचं वाक्य मुळात चुकीचं नाहीये, ते कुठे लागू पडतं एवढंच बघायचं. n/N लहान असेल तर 1−n/N जवळपास १ असतो, आणि स्टँडर्ड एररमध्ये त्याचं वर्गमूळ येतं म्हणून परिणाम अजून कमी. ५ टक्के सँपलला वर्गमूळ ०.९७५, म्हणजे अडीच टक्क्यांचा फरक, १० टक्क्यांना ०.९४९. म्हणून ५ टक्क्यांच्या आत असेल तर लोक सोडून देतात आणि मीही सोडतो. सोडल्याने व्हेरिअन्स जास्तच दाखवला जातो, म्हणजे चूक सुरक्षित बाजूला होते. पण तुमचे ३३ टक्के आहेत, तिथे वर्गमूळ ०.८१६, ते सोडणं म्हणजे हातातली अचूकता टाकून देणं.

याच गुणकातून एक समज कायमचा मोडतो, जो मी ग्रामपंचायतीपासून मोठ्या ऑफिसांपर्यंत ऐकलाय, की सँपल "निदान १० टक्के" पाहिजे. ४०० लोकांचं सँपल २००० वस्तीच्या गावातून घ्या आणि ४०० च लोकांचं २० लाखांच्या शहरातून घ्या, S² सारखा धरला तर गावाला गुणक ०.८, शहराला ०.९९९८. स्टँडर्ड एररमध्ये शहराचा फक्त १२ टक्के जास्त, पॉप्युलेशन हजारपट असताना. अचूकता n ठरवतो, n/N फक्त शेवटी थोडी सूट देतो, आणि ती सूट पॉप्युलेशन छोटं असेल तरच जाणवते.

आता ज्या जागी करेक्शन लावूनच चूक होते ती सांगतो, कारण तुमच्या प्रोजेक्टचा पुढचा भाग बहुतेक तिकडेच जाणार. पटसंख्या शाळेतून पूर्ण मिळते, पण समजा तुम्ही प्रत्येक शाळेत १० मुलांची वाचन चाचणी घेतली. म्हणजे टू-स्टेज सँपल झालं, १८० पैकी ६० शाळा आणि शाळेतल्या समजा ५० पैकी १० मुलं (सोपं जावं म्हणून सगळ्या शाळांत ५० धरू). शाळांच्या खऱ्या सरासऱ्यांमधला S² १०० आणि शाळेच्या आत मुलामुलांमधला ४०० धरू. आतल्या स्टेजमुळे प्रत्येक शाळेच्या सरासरीत (१ − १०/५०) × ४००/१० = ३२ एवढा व्हेरिअन्स येतो. खरा व्हेरिअन्स मग (२/३) × १००/६० + ३२/६० = १.११ + ०.५३ = १.६४. लक्षात घ्या, २/३ फक्त शाळांच्या भागाला लागलंय, मुलांच्या भागाला नाही.

पण डेटातून तुम्ही ६० शाळांच्या सरासऱ्यांचा s² काढाल तेव्हा तो १०० च्या आसपास येणार नाही, १३२ च्या आसपास येईल, कारण त्या सरासऱ्या १०-१० मुलांवरच्या आहेत. त्या १३२ ला सरळ २/३ लावलं तर (२/३) × १३२/६० = १.४७, खऱ्यापेक्षा कमी. टोकाला जाऊन बघा, १८० च्या १८० शाळा घेतल्या तर ही रीत व्हेरिअन्स शून्य सांगेल, आणि तुम्ही तर प्रत्येक शाळेत ५० पैकी १० च मुलांना भेटलात, खरा व्हेरिअन्स ३२/१८० = ०.१८ उरतोच. बरोबर एस्टिमेटमध्ये दुसरी टर्म येते, पहिल्या स्टेजच्या सँपलिंग फ्रॅक्शनने गुणलेली, (१/३) × ३२/६० = ०.१८, ती १.४७ मध्ये मिळवली की १.६४ परत मिळतात. ही दुसरी टर्म गाळलेले रिपोर्ट मी पाहिलेत, आणि ओळखायची खूण हीच की शाळांचं प्रमाण वाढलं की इंटरव्हल अविश्वसनीय बारीक व्हायला लागतो. दुसरी टर्म काढता येत नसेल (म्हणजे मुलांचा वेगवेगळा डेटा नाही, फक्त शाळेची सरासरी दिलीये) तर करेक्शन अजिबात लावू नका, १३२/६० = २.२ घ्या, जास्त आहे पण फसवत नाही. मोठ्या मल्टिस्टेज सर्व्हेंत पहिली स्टेज विथ रिप्लेसमेंट होती असं मानून व्हेरिअन्स काढायची पद्धत आहे ती याच कारणाने, तिथे पहिल्या स्टेजचं फ्रॅक्शन सहसा लहान असतं आणि हिशोब कितीतरी सुटसुटीत होतो.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात. आर मध्ये `sample()` डिफॉल्टने परत टाकत नाही, पांडाज् मधला `df.sample()` पण नाही, पण नमपायचा `numpy.random.choice` डिफॉल्टने परत टाकतो, न बघता वापरला तर रिपीट येतात. वरचे १.९५ आणि २.६ स्वतः बघायचे असतील तर:

```r
y <- c(1, 2, 4, 6, 7)
wr  <- replicate(100000, mean(sample(y, 2, replace = TRUE)))
wor <- replicate(100000, mean(sample(y, 2)))
var(wr); var(wor)
```

आणि तुमच्या डेटाला `survey` पॅकेज घ्या. `fpc` दिला नाही तर ते विथ रिप्लेसमेंट धरतं आणि मोठा स्टँडर्ड एरर देतं:

```r
library(survey)
d$N <- 180
des <- svydesign(ids = ~1, data = d, fpc = ~N)
svymean(~pat, des)
```

मुलांच्या चाचणीला `ids = ~school + child` आणि `fpc = ~N1 + N2` द्या (N1 = १८०, N2 = त्या शाळेतली एकूण मुलं), दुसरी टर्म ते स्वतः मिळवतं. `fpc` मध्ये फक्त शाळांचा आकडा देऊन थांबलात तर पॅकेज वरची १.४७ वालीच चूक तुमच्यासाठी करेल. बूटस्ट्रॅप करायचा विचार असेल तर साधा बूटस्ट्रॅप परत टाकूनच ड्रॉ करतो, त्यामुळे तो s²/n च्या आसपासचंच उत्तर देणार, तुमच्या ३३ टक्क्यांची सूट त्याला माहीतच नसते.

एक गोष्ट लिहिण्याआधी ठरवून घ्या, की तुमचा दावा कशाबद्दल आहे. "या तालुक्यातल्या या १८० शाळांची यंदाची सरासरी पटसंख्या" असा दावा असेल तर करेक्शन लावायचंच, कारण १८० च्या १८० बघितल्या असत्या तर शंका उरलीच नसती. पण "एकशिक्षकी शाळांत पट कमी राहतो का" असा प्रश्न असेल, जो पुढच्या वर्षीच्या आणि शेजारच्या तालुक्यातल्या शाळांनाही लागू व्हावा असं तुम्हाला वाटतं, तर या १८० शाळा म्हणजे सगळं जग नाही, त्या स्वतःच एका मोठ्या प्रक्रियेतून आलेल्या आहेत, तिथे 1−n/N ने गुणणं चूक आहे आणि s²/n च बरोबर. टी-टेस्ट आणि रिग्रेशनच्या नेहमीच्या आउटपुटमध्ये हे करेक्शन नसतं ते याचसाठी. एकाच प्रोजेक्टमध्ये दोन्ही प्रश्न असतील तर दोन वेगळे स्टँडर्ड एरर येतील, आणि कुठला कशासाठी हे टेबलखाली एका ओळीत लिहा, व्हायवाला पहिला प्रश्न तोच येईल.

आणि ६० पैकी काही शाळांनी माहिती दिली नसेल तर n मध्ये मिळालेल्याच शाळा धरा, १८० तेच ठेवा, म्हणजे ५२ मिळाल्या तर 1−५२/१८०. मात्र न दिलेल्या शाळा नेमक्या लहान किंवा लांबच्या असतील तर सरासरीच सरकलेली असेल, आणि ते सरकणं यातल्या कुठल्याच व्हेरिअन्समध्ये दिसत नाही. त्या ८ शाळांचा मागच्या वर्षीचा पट तालुक्याच्या शिक्षण विभागाकडून मिळतो का बघा आणि बाकीच्या ५२ शी ताडून पाहा.